विमानातून सायकल नेताना : शुल्काचे तक्ते कसे ताडून बघायचे, आणि नोंदणी खरी कधी झाली म्हणायची?

मागचं_चाक (धागाकर्ता)

नमस्कार. साडेतीन महिन्यांनी लांब पल्ल्याच्या एका सायकल स्पर्धेला जायचं आहे. जाताना दोन विमानं, येताना दोन. सायकल स्वतःचीच न्यायची हे ठरलेलं आहे. वर्षभर ज्या उंचीच्या सीटवर सराव केला तीच उंची आणि तेच हँडल मला तिथे हवं आहे, म्हणून भाड्याच्या सायकलचा सल्ला कृपया नको.

दोन कंपन्या समोर आहेत. पहिलीच्या तिकिटात 30 किलो सामान येतं. खेळाचं साहित्य त्याच 30 किलोत धरलं जाईल आणि वजन वर गेलं तर किलोमागे जादा आकार पडेल, असं त्यांच्या पानावर लिहिलं आहे. दुसरीचं तिकीट बरंच स्वस्त आहे, पण त्यात फक्त हातातली बॅग. सायकलला ठरावीक शुल्क, मोठ्या बॅगेला वेगळं शुल्क. एकीकडे किलोचा हिशोब, दुसरीकडे नगाचा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बसलो आहे, पण तुलना कशाशी कशाची करायची तेच उमगत नाही.

दुसरा प्रश्न नोंदणीचा, आणि तो मला जास्त छळतो आहे. मागच्या खेपेला संकेतस्थळावर सायकलचे पैसे भरले, पावती आली, मी निर्धास्त झालो. काउंटरवर गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पहिल्या विमानावर सायकल दिसतेय, पुढच्यावर दिसत नाही." पुढच्या विमानाला क्रमांक त्याच कंपनीचा होता, पण उडवणारी कंपनी वेगळी आणि विमान लहान, पंख्याचं. शेवटी खोक्याला मधल्या विमानतळापर्यंतचाच टॅग लागला. तिथे ते उतरवून घेतलं, ढकलत दुसऱ्या काउंटरवर नेलं, आणि आज जागा नाही असं उत्तर मिळालं. सायकल दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सकाळची सरावाची राइड बुडाली. पैसे भरलेले असताना हे झालं कसं? या वेळी होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं?

डोंगरपायवाट

शुल्काचं फार मनावर घेऊ नका. सायकलला सगळीकडे 32 किलोपर्यंत चालतं. मी दोनदा नेली आहे, दोन्ही वेळा 32 च्या आत होती आणि कोणी काही बोललं नाही. खोकं 32 किलोच्या वर जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

तिकीटखिडकी

डोंगरपायवाट, 32 चा आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. एका माणसाने उचलायच्या एका नगाचं वजन त्याच्यापुढे जाऊ नये, सामान चढवणाऱ्यांच्या पाठीला इजा होऊ नये, म्हणून ती मर्यादा ठेवलेली असते. त्याच्यावरचं खोकं बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, पैसे दिले तरी. म्हणजे 32 ही वरची भिंत आहे. तुमच्या तिकिटात किती किलो येतात हा वेगळा प्रश्न. तिकिटात 23 चा नग असेल आणि खोकं 28 भरलं, तर ते जाईल, पण जादा वजनाचे पैसे देऊन. तुमची दोन्ही तिकिटं बहुधा तेवढं वजन घेणारीच असतील, म्हणून कोणी बोललं नाही.

मागचं_चाक, मी बरीच वर्षं तिकिटांच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी शुल्काचं बोलू, नोंदणीचं नंतर वेगळ्या प्रतिसादात.

तक्ता वाचताना आकड्याकडे आधी बघू नका. तो आकडा कशाने गुणला जाणार आहे ते आधी शोधा. काही कंपन्या शुल्क दर विमानामागे घेतात, काही दर दिशेमागे. तुमच्या प्रवासात विमानं चार आहेत आणि दिशा दोन. दर विमानामागचं शुल्क तक्त्यात लहान दिसतं आणि तुमच्यापुरतं चौपट होतं. तळटीपेत "प्रत्येक उड्डाणासाठी" किंवा "एकेरी प्रवासासाठी" असं काहीतरी लिहिलेलं असतं, सगळा निकाल त्या दोन शब्दांत असतो.

मग बघायचं की सायकलचं शुल्क म्हणजे सायकलची पूर्ण किंमत आहे, की नेहमीच्या सामानाच्या वर लागणारा आकार. पहिल्या प्रकारात सायकल सामानाबाहेर वेगळी जाते. दुसऱ्या प्रकारात आधी सामानाचा एक नग विकत घ्यायचा आणि वर सायकलचा आकार भरायचा. शब्द जवळजवळ सारखेच असतात.

तिसरी गोष्ट मापाची, आणि लोक नेमके तिथेच फसतात. नेहमीच्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. सायकलचं खोकं 140, 80 आणि 22 धरलं तर बेरीज 242 होते. म्हणजे सायकल मापात कधीच बसणार नाही. काही कंपन्या सायकलला मापाचा दंड माफ करतात, फक्त वजन बघतात. काही करत नाहीत. तुमच्या पहिल्या कंपनीने "30 किलोत धरलं जाईल" असं म्हटलं आहे, त्यात माप माफ आहे का हे कुठे लिहिलंय? ते शोधा. लिहिलेलं नसेल तर लेखी विचारा.

सागरगोटी

मी सर्फबोर्ड घेऊन जाते, तर माझा अनुभव सांगते. माझ्याकडे तिन्ही मापांची बेरीज कोणी बघत नाही, नुसती लांबी बघतात. एका कंपनीत अमुक लांबीपर्यंत एक शुल्क आणि त्यापुढे सरळ नकार. शिवाय एका पिशवीत दोन बोर्ड घातले तर काही ठिकाणी एकच नग धरतात, काही ठिकाणी दोन. तेव्हा तुमच्या पिशवीत दोन सायकली असतील तर आधी विचारून घ्या.

मागचं_चाक

सागरगोटी, एकच सायकल आहे, पण लांबीचं लक्षात ठेवतो. धन्यवाद.

तिकीटखिडकी, तुमच्या सांगण्याप्रमाणे शोधलं. पहिल्या कंपनीच्या पानावर एका कोपऱ्यात मिळालं : सायकल जादा मापाची धरली जाणार नाही, फक्त तिन्ही बाजूंची बेरीज 300 सेंटिमीटरच्या आत हवी. आकार दर दिशेमागे आहे, मध्ये विमान बदललं तरी एकदाच. दुसऱ्या कंपनीत सायकल आणि बॅग दोन्ही दर विमानामागे. आता हिशोब कसा मांडू?

तिकीटखिडकी

तुमची वजनं सांगा. सायकल किती, खोकं किती, कपड्यांची बॅग किती. खरी मोजलेली सांगा, अंदाजाची नको. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग खोकं कवेत घेऊन उभे राहा, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करा. खोकं नुसतं काट्यावर ठेवलं तर ते बाजूंना टेकतं आणि वजन कमी दाखवतं.

मागचं_चाक

आत्ता मोजलं. पेडलसकट सायकल साडेनऊ किलो. माझी कडक पेटी रिकामी साडेअकरा. म्हणजे भरून 21. कपडे, हेल्मेट, बूट आणि अवजारं मिळून बॅग 14. एकूण 35.

तिकीटखिडकी

छान. आता मी आकडे मनाने धरतो, चलन कुठलंही समजा, तुमच्या तक्त्यातले खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

पहिली कंपनी. 35 किलो वजा 30, म्हणजे 5 किलो जादा. काउंटरवर किलोला 10 असा दर समजू, 5 किलोचे 50. हेच 5 किलो आधी संकेतस्थळावर घेतले तर 35 ला मिळतात असं धरू, कारण आगाऊ घेतलेलं वजन बहुतेक ठिकाणी स्वस्त असतं. दोन दिशांचे 70.

दुसरी कंपनी. सायकल दर विमानामागे 50, चार विमानांचे 200. बॅग दर विमानामागे 25, चार विमानांचे 100. एकूण 300.

दोन्हींत फरक 230 चा. दुसरीचं तिकीट 230 पेक्षा जास्त स्वस्त असेल तरच ती परवडते. ते 180 नेच स्वस्त असेल, तर तिकीट बघून स्वस्त वाटलेली कंपनी सायकलसकट 50 ने महाग पडली. तुमच्या खऱ्या आकड्यांनी निकाल उलटाही येऊ शकतो. थेट विमान असतं तर दुसऱ्या कंपनीचा आकार निम्मा, 150 झाला असता आणि 180 ने स्वस्त असलेलं तिकीट तिला जिंकवून गेलं असतं. म्हणून मी कोणाला "अमकी कंपनी सायकलला स्वस्त" असं सांगत नाही. ते मध्ये किती विमानं बदलता त्यावर ठरतं.

आरी_आणि_पाना

मी सायकली उघडून बांधून देण्याचं काम करते, म्हणून एक सुचवते. वजनाचा जो हिशोब तुम्ही लोक करताय त्यात पेटीचं वजन गृहीत धरलंय, पण ते तर बदलता येतं. सायकल साडेनऊची आणि पेटी साडेअकराची, म्हणजे पेटीच जड. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात ते रिकामं चार-साडेचार किलोचं असतं. त्यात सायकल 14 किलोवर बसते. वर बॅग 14, एकूण 28. पहिल्या कंपनीत तुम्हाला एक पैसाही जादा लागणार नाही.

पुठ्ठ्यात घालायची तर थोडं नीट बांधावं लागतं. मागचा डिरेल्युर हँगरपासून सोडवायचा, फडक्यात गुंडाळून चेनस्टेला आतल्या बाजूने बांधायचा. खोकं आडवं आपटलं तर पहिला वाकतो तो हँगर, म्हणून एक जादा हँगर जवळ ठेवा, तो तुमच्याच मॉडेलचा लागतो, ऐन वेळी मिळत नाही. चाकं काढल्यावर फोर्कच्या टोकांत आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये प्लास्टिकचे आधार बसवा, नाहीतर वरून वजन पडलं की ते आत दबतात. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मधे पट्टी घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि तिकडे चाकच आत जात नाही. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे विसरू नका, घाईत उलट फिरवून क्रँकचे आटे गेलेले मी पाहिलेत.

हवाभर

आणि टायरमधली हवा पूर्ण काढा! सामान ठेवतात तिथे हवेचा दाब नसतो, वर गेल्यावर टायर फुटतात. म्हणूनच सगळ्या कंपन्या हवा काढायला सांगतात.

आरी_आणि_पाना

हवाभर, कंपन्या सांगतात हे बरोबर आणि काउंटरवर विचारतातही, म्हणून हवा कमी करायचीच. पण कारण ते नाही. प्रवासी विमानात सामानाचा भागही केबिनसारखाच दाबाखाली असतो. केबिनमध्ये दाब जास्तीत जास्त साधारण 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा उतरतो, म्हणजे जमिनीच्या मानाने पाव बारने कमी. 80 पीएसआय भरलेल्या टायरला वर गेल्यावर 84 च्या आसपास असल्यासारखं वाटेल, इतकंच. त्याने टायर फुटत नाही.

अगदी पूर्ण काढू नका असं मी म्हणते ते रिमसाठी. थोडी हवा राहिली की खोकं पडल्यावर टायर रिमला सांभाळतो. ट्यूबलेस असेल तर टायर रिमवरून सुटून आतलं सीलंट खोकाभर सांडू शकतं. हाताने दाबल्यावर टायर मऊ लागेल इतकं करा. काउंटरवर "हवा काढली आहे" असं सांगता येतं आणि ते खरंही असतं.

हवाभर

इतकी वर्षं मी उलटंच समजत होतो. नियम तसाच आहे म्हणून कारणही तेच असेल असं वाटलं. समजावल्याबद्दल आभार.

तिकीटखिडकी

आता नोंदणी. मागचं_चाक, तुमची गोष्ट मला पुन्हा पुन्हा ऐकू येते. गोंधळ असा होतो की पैसे भरणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि प्रवाशाला पावती फक्त पहिल्याची दिसते.

सायकल सांगितली की तुमच्या आरक्षणात एक विशेष सेवेची मागणी टाकली जाते. सायकलसाठी संगणकावर तिचा संकेत BIKE असा असतो, इतर खेळाच्या साहित्याला SPEQ. ही मागणी प्रत्येक विमानासाठी वेगळी जाते आणि तिचं उत्तरही वेगळं येतं. पडद्यावर साधारण असं दिसतं, XX आणि YY म्हणजे दोन कंपन्या :

```
SSR BIKE XX HK1
SSR BIKE YY NN1
```

HK म्हणजे मान्य, जागा धरली. NN म्हणजे मागणी पाठवली आहे, उत्तर यायचं आहे. UN आलं तर नकार. तुमच्या बाबतीत बहुधा पहिलं विमान HK होतं आणि दुसरं NN वरच अडकून राहिलं. पैशाची पावती म्हणजे EMD, ती मात्र निघाली होती. काउंटरवरच्या बाईंना "पुढच्यावर दिसत नाही" असं दिसलं ते याचमुळे.

ज्या विमानाचा क्रमांक एका कंपनीचा आणि उड्डाण दुसरीचं, तिथे सायकल घ्यायची की नाही हे प्रत्यक्ष उडवणारी कंपनी ठरवते, कारण सामानाचा भाग तिच्या विमानाचा. तिकिटावर बारीक अक्षरात "operated by" असं लिहून पुढे त्या कंपनीचं नाव असतं. ATR 72 सारखं पंख्याचं विमान असेल तर सामानाची जागा मुळातच थोडी असते आणि एका फेरीत एक-दोनच सायकली घेतल्या जातात. तुमच्या आधी कोणी नोंदवली असेल तर जागा गेली, तुम्ही पैसे भरलेले असोत वा नसोत.

म्हणून क्रम असा ठेवा. तिकीट घेण्याआधी फोन करून विचारा की या तारखेच्या या दोन्ही विमानांत सायकलला जागा आहे का, आणि दुसऱ्या विमानाचा प्रकार कोणता. मग तिकीट घ्या, आणि त्याच दिवशी सायकल नोंदवा. मागणी टाकताना वजन आणि तिन्ही मापं सांगा, कारण लहान विमानात दारातून आत जाईल का हे ते मापावरूनच ठरवतात. दोन दिवसांनी पुन्हा फोन करा आणि चारही विमानांसाठी BIKE ची स्थिती काय आहे ती वाचून दाखवायला सांगा. "झालंय, काळजी करू नका" हे उत्तर घेऊ नका. "प्रत्येक विमानासाठी HK आहे का?" असा थेट प्रश्न विचारा.

निवांत

आम्ही मागच्या वर्षी लहान मुलाची सायकल नेली होती, 16 इंची. तिला तर आधी काही सांगितलंच नाही, बॅगेसारखी दिली. तुम्ही उगाच फोनाफोनी करताय का? मोठ्या सायकलीला परवानगीच लागते का?

तिकीटखिडकी

निवांत, लहान मुलाची सायकल हँडल वळवून, पेडल काढून 158 सेंटिमीटरच्या बेरजेत बसली असेल तर ती नेहमीच्या नगासारखी जाऊ शकते. प्रौढांची सायकल तशी बसत नाही. मोठ्या विमानात जागा असेल तर काउंटरवर घेतातही, पण तो दर बहुधा सगळ्यात महाग असतो, आणि नकार आला तर हातात काही उरत नाही.

मागचं_चाक

तिकीटखिडकी, एक शंका. मी आत्ता स्थिती HK करून घेतली आणि महिन्याभराने कंपनीने वेळापत्रक बदललं तर?

तिकीटखिडकी

अगदी योग्य प्रश्न. वेळापत्रक बदललं, विमान बदललं किंवा तुम्ही स्वतः तारीख बदलली, की नवीन विमानावर मागणी आपोआप जाते असं धरून चालू नका. कधी जाते, कधी गळते. प्रवासी आपली सीट तपासतो, सायकल तपासत नाही. बदलाची सूचना आली की त्याच दिवशी पुन्हा फोन, पुन्हा स्थिती वाचून घ्यायची. आणि निघण्याआधी दोन-तीन दिवस एकदा. पैशांच्या पावतीचा क्रमांकही नव्या तिकिटाशी जोडला गेलाय का ते विचारा, नाहीतर काउंटरवर तुम्ही भरलेलं शुल्क त्यांना दिसत नाही आणि पुन्हा मागतात.

वळणवाट

दोन वेगळी तिकिटं घेऊन हेच स्वस्तात जमत नाही का? मी एकदा पहिल्या टप्प्याचं तिकीट एका कंपनीकडून आणि दुसऱ्याचं दुसरीकडून घेतलं होतं.

तिकीटखिडकी

जमतं, पण मग शुल्क दोन्हीकडे त्यांच्या-त्यांच्या तक्त्याने लागतं. एकाच तिकिटात अनेक कंपन्या असतील तर सामानाचे नियम सहसा त्यांतल्या एकीचे पूर्ण प्रवासाला लागू होतात. वेगळ्या तिकिटांत ते संरक्षण नाही. शिवाय मध्ये सायकल स्वतः उचलायची, बाहेर यायचं, पुन्हा नोंदवायची. मोठ्या आकाराचं सामान नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, वेगळ्या दारातून आणून देतात, तिथे वाट बघावी लागते. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं सुटतं, आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

ई_पेडल

माझी विजेवरची सायकल आहे, तिलाही हेच नियम का?

तिकीटखिडकी

नाही, तुमची अडचण वेगळी आहे. लिथियम बॅटरी 100 वॅट-तासांपर्यंत असेल तर परवानगी न मागता नेता येते, 100 ते 160 पर्यंत कंपनीची संमती लागते, त्यावर प्रवासी सामानात चालत नाही. विजेवरच्या सायकलीची बॅटरी साधारण 300 ते 700 वॅट-तासांची असते. म्हणजे सायकल बॅटरीशिवाय न्यावी लागेल, आणि तिकडे त्याच बनावटीची बॅटरी मिळते का ते आधी बघावं लागेल. बॅटरी काढलेली आहे हे नोंदवतानाच सांगा.

आरी_आणि_पाना

साध्या सायकलींनाही इलेक्ट्रॉनिक गिअर असतात. त्याच्या लहान बॅटऱ्या मर्यादेच्या खूप खाली असतात. जी बॅटरी सहज निघते ती काढून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत. हवा भरायच्या गॅसच्या छोट्या नळ्या न्यायच्या असतील तर त्यांनाही कंपनीची संमती लागते. मी तर सांगते, साधा हातपंप घ्या.

सरळरेघ

नुकसानीचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माझ्या सायकलची फ्रेम परत येताना चेपली. घरी आल्यावर थकवा होता, खोकं बारा दिवसांनी उघडलं. तक्रार केली, उत्तर आलं की मुदत संपली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत द्यावी लागते. उशिरा मिळालेल्या सामानासाठी 21 दिवस. हे मला त्या दिवशी कळलं. खोकं विमानतळावरच उघडा, निदान त्याच रात्री. खोक्याची बाहेरची बाजू फाटलेली दिसली तर दाराबाहेर जाण्याआधी तिथल्या सामान-कक्षात नोंद करून कागद घ्या.

मागचं_चाक

सरळरेघ, वाईट झालं, पण तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही वाचलो. त्या करारात भरपाई किती मिळते?

सरळरेघ

वरची मर्यादा दर प्रवाशामागे आहे, 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. मर्यादा आहे, हमी नाही, नुकसान सिद्ध करावं लागतं. सायकलची किंमत त्यापेक्षा बरीच जास्त असेल तर सामान देतानाच जास्त मूल्य जाहीर करून जादा आकार भरण्याची तरतूद करारात आहे. प्रत्यक्षात काउंटरवर किती जणांना ती माहीत असते हा प्रश्नच आहे. मी विचारलं तेव्हा कोणाला सांगता आलं नव्हतं.

वळणवाट

मला काउंटरवर एका कागदावर सही करायला लावली होती, "बांधणी अपुरी, नुकसानीची जबाबदारी प्रवाशाची." मऊ पिशवी होती म्हणून. मग काहीच मिळत नाही का?

सरळरेघ

करारात असं आहे की वाहकाची जबाबदारी काढून टाकणारी किंवा मर्यादा खाली आणणारी अट टिकत नाही. पण सामानाच्या स्वतःच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला वाहक जबाबदार नाही, असंही त्यातच आहे. आता अपुरी बांधणी हा सामानाचा दोष धरायचा का, यावर कंपनी एक म्हणते आणि प्रवासी दुसरं. माझं मत असं की सही करावी लागली तरी आतल्या बांधणीचे फोटो काढून ठेवावेत, खोकं बंद करण्याआधी. नीट बांधलं होतं हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

तिकीटखिडकी

मी सरळरेघशी पूर्ण सहमत नाही. माझ्या बघण्यात मऊ पिशवी आणि सही असेल तर कंपन्या सहसा नकार देतात, आणि प्रवासी दोन वर्षांच्या मुदतीत न्यायालयात जात नाही. कायदा तुमच्या बाजूने असला तरी पैसे हातात येतीलच असं नाही. फोटो मात्र काढाच.

आरी_आणि_पाना

पुठ्ठ्याच्या खोक्यालाही असाच कागद पुढे करतात बरं का. मागचं_चाक, वजन वाचवायचं की पेटीचं संरक्षण घ्यायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल. कार्बनची फ्रेम असेल तर मी पेटीच सांगेन. अॅल्युमिनियम किंवा स्टील असेल तर पुठ्ठा चालतो.

मागचं_चाक

फ्रेम अॅल्युमिनियमची आहे, फोर्क कार्बनचा. दोन दिवस विचार केला आणि आज फोन केला, इथे नोंद ठेवतो.

पहिल्या कंपनीने सांगितलं की परतीचं दुसरं विमान त्यांच्या जोडीदार कंपनीचं आहे आणि लहान आहे. त्यात सायकलला आधीच नोंद आहे, अजून एकच जागा. तिकीट घेतलं, त्याच फोनवर सायकल सांगितली, 14 किलो, 140 बाय 80 बाय 22. आज परत फोन करून स्थिती वाचून घेतली. जातानाची दोन्ही HK. येतानाचं पहिलं HK. येतानाचं दुसरं अजून NN. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "होऊन जाईल." मी त्यांना विनंती केली की जोडीदार कंपनीला पुन्हा मागणी पाठवा आणि माझ्या आरक्षणात तशी टीप लिहा. लिहिली म्हणाले.

पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं ठरलं, कार्बनच्या फोर्कभोवती पाइपला गुंडाळतात तो फोम दुहेरी लावणार आहे. पाच किलो विकत घ्यायचे वाचले.

तिकीटखिडकी

टीप चांगली, पण टीपेने जागा मिळत नाही, HK ने मिळते. पाच दिवसांत बदललं नाही तर त्याच मार्गावरचं त्या दिवसाचं आधीचं किंवा नंतरचं विमान मोठं आहे का विचारा. तिकीट घेऊन फार वेळ झालेला नसताना बदलणं स्वस्त पडतं.

मागचं_चाक

चौथा दिवस. येतानाचं दुसरं विमान UN झालं, म्हणजे नकार. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान त्यांचं स्वतःचं आहे आणि मोठं. तारीख तीच असल्याने बदलाचा आकार लागला नाही, मध्ये साडेचार तास थांबावं लागेल. नवीन विमानावर मागणी टाकून घेतली, एका तासात HK आलं, फोनवरच वाचून घेतलं. आता चारही HK आहेत. निघण्याआधी तीन दिवस पुन्हा विचारणार, आणि वेळापत्रकाचा ईमेल आला तर त्याच दिवशी.

ई_पेडल

माझं विचारायचं राहिलं : बॅटरी काढली तरी मोटरमुळे सायकल 20 किलोच्या वर जाते. खोक्यासकट 26-27. ती तुमच्या 30 किलोच्या कंपनीत बसेल, पण मग कपड्यांना तीन-चार किलोच उरतात. कोणी अशी नेली आहे का?